ठाण्यात पहिला नमस्कार कोणाले करायचा, अन् त्याच्यानंतरचं पहिलं वाक्य काय

«वावरातल्या विहिरीवरची मोटर अन् केबल चोरीला गेली. ठाण्यात आजवर कधी गेलो नाही. आत गेल्यावर कोणाला, काय म्हणून नमस्कार करायचा आणि तक्रार कशी काढायची? बाबा म्हणतात हात जोडून उभा राय, मित्र म्हणतो असं नरम गेलं की कोणी विचारत नाही.»

मी खात्यात एकतीस वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो अन् एएसआय होऊन रिटायर झालो, सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्याच्या ठाण्यांमध्ये. त्यातली बारा-तेरा वर्षं तरी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली. म्हणजे तुम्ही ज्याला नमस्कार करणार आहात न, त्या खुर्चीवर मी बसलेलो आहे, म्हणून तिकडून काय दिसते अन् काय ऐकू येते ते सांगतो.

तुमचे बाबा अर्धे बरोबर आहेत. नमस्कार करायचाच, हात जोडून करा, पण जोडलेले हात दोन सेकंदात खाली आले पायजे. आमच्याकडे म्हातारी माणसं हात जोडूनच उभी राहायची, चप्पल दाराबाहेर काढायची, अन् पहिला शब्द निघायचा "माफी करा साहेब". अहो, मोटर तुमची गेली, माफी कायची? पण ऐकणाऱ्यावर याचा परिणाम होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. दिवसभरात टेबलासमोर जे लोक हात जोडून गयावया करत उभे राहतात ते बहुतेक आणलेले असतात, आपल्या पायानं आलेले नसतात. कोणाला दारूच्या केसमध्ये आणलं, कोणाला भांडणात. तुम्ही पण तसेच उभे राहिले की अंमलदार मान वर न करता म्हणतो "काय केलं रे?", आणि इथूनच गाडी उलटी लागते. चप्पल काढायची काही गरज नाही. पाया पडायचं तर अजिबातच नाही.

आता कोणाला. दारावर बंदूक घेऊन उभा असतो तो पहारेकरी, त्याच्याजवळ तक्रार सांगत बसू नका, त्याला तिचं काही करता येत नाही. त्याला नुसतं "नमस्कार साहेब, ठाणे अंमलदार साहेब कुठं बसले?" एवढंच विचारा. सहसा आत शिरल्या शिरल्या जे मोठं टेबल दिसते, ज्याच्यावर वायरलेस सेट, फोन अन् स्टेशन डायरी असते, तेच त्यांचं टेबल. ठाणेदार साहेबांच्या केबिनमध्ये सरळ घुसू नका. लोकांना वाटते मोठ्या साहेबाला भेटलं की काम लवकर होते, पण ते तुमचं ऐकून परत याच टेबलावर पाठवतात, अन् टेबलावरच्या माणसाला वाटते हा मला ओलांडून गेला. केबिन ही दुसरी पायरी आहे, टेबलावर काम अडलं तर.

हाक काय मारायची म्हणाल तर "साहेब", बाई असल्या तर "मॅडम", बस. खांद्यावर तीन फिती दिसो की एक स्टार दिसो, साहेब म्हटल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. गावात आपण मागून बोलताना "जमादार", "मुन्शी" म्हणतो ते समोर नुसतं म्हणू नका, "जमादार साहेब" चालते. महिला अंमलदाराला "ओ बाई" म्हणून हाक मारली की चेहरा बदलतो हे मी कितीदा पाहिलं, अन् मारणाऱ्याच्या मनात काही नसते, त्याच्या घरी मास्तरीणबाईला पण बाईच म्हणतात. तरी ठाण्यात मॅडम म्हणा. अन् तो अंमलदार तुमच्या पोराच्या वयाचा असला तरी "तुम्ही".

राम राम, जय भीम, जय सेवा, जय हिंद, सलाम, यातलं जे तुमच्या तोंडात रोजचं आहे ते म्हटलं तरी चालते, मी सगळ्यांना उत्तर दिलं आहे. पण पहिल्यांदाच जात असाल अन् समोरचा माणूस ओळखीचा नसेल तर साधा "नमस्कार साहेब" सगळ्यात बरा. अन् त्यानं हात जोडून परत नमस्कार नाही केला तर मनाला लावून घेऊ नका, हातात पेन असते, कानाला फोन असतो, तो मानच हलवतो. ती मान हलली की तुमचा नमस्कार पोचला.

मान हलायच्या आधी बोलू नका, हे मात्र खूप महत्त्वाचं आहे. लोक दारातूनच सुरू होतात. साहेब फोनवर आहेत, कंट्रोलला मेसेज देऊन रायले, अन् इकडून "साहेब आमची मोटर". अशा वेळेस सांगितलेलं अर्धं कानावर पडते अन् अर्धं चुकीचं पडते. टेबलापासून दोन हात मागं उभे राहा, डोळे वर झाले की नमस्कार. तो "बसा" म्हणाला तर बसा, नाही म्हणाला अन् पाय दुखत असले तर "बसू का साहेब?" विचारा, कोणी नाही म्हणत नाही.

आत शिरायच्या आधी दोन कामं. तोंडातला खर्रा बाहेर थुकून पाण्यानं चूळ भरा. हे मी स्वच्छतेसाठी नाही सांगत. खर्रा तोंडात असला की माणूस मान वर करून, ओठ मिटून बोलते, गट नंबर सत्तेचाळीस म्हणाला की सदतीस म्हणाला समजत नाही, अन् वरून टेबलावरच्या माणसाला वाटते याला फिकीर नाही. दुसरं, उन्हाचा तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडा, गळ्यात राहू द्या. चेहरा झाकलेला माणूस समोर आला की पोलिसाचा पहिला विचार वेगळाच असतो, तो त्याच्या सवयीचा भाग आहे.

आता नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. याच्यात चार गोष्टी याच क्रमानं पायजे: नाव, गाव, काय झालं, अन् तुम्हाला काय करायचं आहे. असं:

"नमस्कार साहेब. मी अमुक अमुक, राहणार अमुक गाव. काल रात्री माझ्या वावरातल्या विहिरीवरची मोटर अन् केबल चोरीला गेली. रिपोर्ट द्यायला आलो."

अन् थांबा. एवढं म्हणायला पंधरा सेकंद लागत नाहीत. पुढचं तो विचारतो, त्याला विचारू द्या. कारण त्याच्या समोरच्या एफआयआरच्या फॉर्ममध्ये रकाने ठरलेले आहेत, घटना कधीची, ठाण्यापासून कोणत्या दिशेला किती किलोमीटर, कोणतं बीट, उशीर झाला असेल तर कारण काय, काय काय माल गेला अन् किंमत किती. तुम्ही तुमच्या मनातल्या क्रमानं सांगत गेले तर तो लिहू शकत नाही, नुसता ऐकत राहतो, अन् ऐकता ऐकता पेन खाली ठेवतो.

शेवटचा तुकडा पाहा, "रिपोर्ट द्यायला आलो". आपल्याकडे रिपोर्ट म्हटलं की फिर्याद, सगळ्या विदर्भात ठाण्यात हे समजते. पण बरेच लोक घाबरून, नरमाईनं म्हणतात "साहेब, एक अर्ज द्यायचा होता". अर्ज म्हटलं की काम दुसऱ्या वाटेनं जाते. अर्ज आवक रजिस्टरला चढतो, कोणाकडे तरी चौकशीला जातो, अन् चौकशी होते तवर महिना निघून जातो. रिपोर्ट म्हटलं तर अंमलदाराला तिथंच ठरवावं लागते की हे दखलपात्र आहे की अदखलपात्र, म्हणजे एफआयआर लिहून तपास करायचा की एनसी, नुसती नोंद, करून ठेवायची. नम्रता तुमच्या आवाजात ठेवा, या शब्दात ठेवू नका.

मागच्या वर्षी आमच्या गावातल्या दोघा भावांसोबत मी स्वतः गेलो होतो, त्यांचं अगदी तुमच्यासारखंच प्रकरण. मी जायच्या आधी ते एकदा ठाण्यात जाऊन रिकाम्या हातानं परत आले होते. मोठ्या भावानं मला सांगितलं, "काका, आमी गेलो त नमस्कार केला, बराबर बोललो, तरी म्हणे आपसात मिटवा." मी म्हटलं काय बोलले ते जसंच्या तसं सांग. तर यानं नमस्कार केल्या केल्या म्हटलं होतं, "साहेब, आमच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्यानं आमची मोटर नेली, त्याचा न आमचा मागच्या सालापासून धुऱ्याचा वाद आहे." अन् लहाना भाऊ त्याच्या सोबतच बोलत होता, की त्या शेजाऱ्यानं त्यांच्या बैलाला दगड मारला होता.

टेबलावरच्या माणसाच्या कानावर काय गेलं? धुरा, वाद, शेजारी, दगड. म्हणजे भांडण. चोरी हा शब्दच आला नाही, "नेली" आला. रोज अशी धुऱ्याची चार प्रकरणं येतात, त्यानं तेच उत्तर दिलं जे तो रोज देतो. त्या अंमलदारानं विचारायला पायजे होतं, ते त्याचं काम होतं, त्याची चूक आहेच. पण वाक्य फिरवलं असतं तर त्याला चुकायला जागा राहिली नसती. म्हणून संशयिताचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ नका, तो "कोणावर संशय?" विचारेल तवा सांगा, अन् का संशय आहे तेवढंच सांगा. डोळ्यानं पाहिलं नसेल तर "त्यानंच नेली" म्हणू नका, "संशय आहे" म्हणा. अन् बोलणारा एकच. सोबतचा माणूस बाकावर.

अजून एक गोष्ट त्या दिवशी बिघडली होती. अंमलदारानं जाता जाता विचारलं होतं मोटर कितीची, तर मोठा भाऊ म्हणाला, "असंल जुनी, तीनेक हजाराची." त्याला वाटलं जास्त सांगितलं तर लोभी दिसू. आता १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले, त्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी काही बाबतीत अदखलपात्र धरली जाते, म्हणजे थेट एफआयआरच्या ऐवजी एनसीवर जायची भीती. मी घरी बिल शोधायला लावलं. पाच एचपीची मोटर, २०१९ चं साडेअठरा हजाराचं बिल सापडलं, अन् सव्वाशे फूट तांब्याची केबल वेगळी. आजच्या हिशेबानं जुनी धरून दोन्हीचे मिळून तेरा हजार आम्ही सांगितले, अन् ती किंमत खरी होती. फुगवून सांगू नका, बिल मागतात. पण लाजून कमी पण सांगू नका.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी काही बोललो नाही, बाकावर बसलो. सोमवारचा बाजार होता म्हणून दुपारी साडेतीनला गेलो, बाजाराची गर्दी ओसरल्यावर. मोठ्या भावानं दुपट्टा गळ्यात घेतला, टेबलापुढं उभा राहिला, अंमलदारानं मान वर केली, यानं नमस्कार केला अन् वर लिहिलं तसंच वाक्य म्हटलं, फक्त "काल रात्री"च्या जागी "परवा रात्री". शेवटी एवढं जोडलं, "मोटर परवा सांजेपर्यंत होती, मी सोता ओलीत करून बंद केली. काल सकाळी गेलो त नव्हती. काल येऊन गेलो त रिपोर्ट झाला नाही, बिल पण नव्हतं, ते आज आणलं." उशिराचं कारण त्यानं स्वतःच आधी सांगितलं, हे फार चांगलं झालं, कारण ते नाही सांगितलं तर पुढं कोर्टात पण तोच प्रश्न येतो. अंमलदारानं खुर्ची दाखवली, सातबारा मागितला, अन् कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं.

तिथं एक अडचण भाषेची आली. अंमलदार तिकडचे, कोल्हापूर-सांगलीकडचे होते. भाऊ म्हणाला "धुऱ्याजवळ केबल कापलेली दिसली, कोठ्यातून वायर कापाची पक्कड पण गेली." साहेबांनी कोठा म्हणजे घरातली खोली समजून घेतलं, म्हणजे चोरी घरातून झाली असं लिहायला लागले होते. मी बाकावरून उठून म्हटलं, "साहेब, कोठा म्हणजे गोठा, वावरातला, अन् धुरा म्हणजे बांध." तुम्ही आपल्याच बोलीत सांगा, पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करू नका, त्यात माणूस अडखळते अन् खोटं बोलल्यासारखं वाटते. फक्त वावर, धुरा, कोठा, इहीर असे शब्द आले की समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा, अन् समजलं नसेल तर उलगडून सांगा.

लिहून झाल्यावर सही करायच्या आधी "साहेब, एकदा वाचून दाखवता का?" म्हणा. हे म्हणायला लोक लाजतात, साहेबाला राग येईल वाटते. पण तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन ती देणाऱ्याला वाचून दाखवायची अन् मग त्याची सही घ्यायची, हे कायद्यातच आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. तिथंच हे पण आहे की एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची. तुमच्या हातात जो कागद येईल तो पाहा. त्याच्यावर गुन्हा नंबर, वर्ष अन् कलम असेल तर एफआयआर झाली. एनसी लिहिलं असेल तर ती अदखलपात्र नोंद. अन् तुमच्याच अर्जावर नुसता आवकचा शिक्का असेल तर तो अर्जच आहे, गुन्हा दाखल झालेला नाही, घरी जाऊन रिपोर्ट दिला म्हणून निर्धास्त राहू नका.

आता तुमच्या मित्राचं. तो म्हणतो नरम गेलं की कोणी विचारत नाही. तसं होते कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यावरचा उपाय आवाज वाढवणं नाही, अन् "मी अमुक भाऊचा माणूस आहो" हे पण नाही. नेत्याचं नाव नमस्कारासोबत आलं की अंमलदार तुमची तक्रार बाजूला ठेवून त्या नावाचा विचार करते. कायद्याचं कलम पहिल्याच वाक्यात फेकणारे पण येतात, मोबाईल समोर धरून. ते कलम बरोबर असते, पण ते दुसऱ्या वाक्यासाठी राखून ठेवायचं असते, पहिलं वाक्य अडलं तर.

"साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं तर म्हणा, "बरं साहेब. मी बाकावर बसतो, तुमाले येळ भेटला की घ्या." ठाणेदार जागेवर नसले तरी रिपोर्ट घेता येते, त्यासाठीच ठाण्यात चोवीस तास कोणी ना कोणी ड्युटीवर असते. बाकावर शांत बसलेला माणूस टेबलावरच्याला सारखा दिसत राहतो, अन् बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात बोलावणं येते. हे मी त्या खुर्चीवरून सांगतो. पोळा किंवा गणपतीच्या बंदोबस्तात मात्र खरंच माणसं नसतात, तेव्हा दोन तास धरून चाला.

"आमच्या हद्दीत येत नाही" म्हटलं तर, "साहेब, झिरोनं घेता का न?" म्हणा. हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात घेऊन ती पुढं त्या ठाण्याला पाठवता येते, नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. झिरो हा शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याला समजते याला माहीत आहे, अन् तुम्ही भांडले पण नाही.

अन् साफच नाही म्हटलं तर छातीवरची नेमप्लेट मनात वाचून ठेवा, विचारायचं असेल तर "साहेब, आपलं नाव काय, पुढच्या खेपेले कोणाले भेटू?" असं विचारा. मग केबिनबाहेर थांबून ठाणेदार साहेबांना भेटा, तिथं पण तेच वाक्य, तसंच, टेबलावरच्याची चुगली आधी न करता. तिथं पण नाही झालं तर तीच हकीकत कागदावर लिहून पोस्टानं जिल्ह्याच्या एसपींना पाठवायची, रजिस्टर करून, पावती जपून ठेवून. त्याच्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येते, पण तिथपर्यंत जायची पाळी आलीच तर वकील पाहा.

एक अपवाद सांगून ठेवतो. कोणी मार खाऊन रक्तबंबाळ असेल, बाईमाणसावर प्रसंग असेल, अपघात असेल तर नमस्कार, मान हलायची वाट, काही नाही. दारातूनच "साहेब, माणूस मरून रायला, गाडी पाठवा" म्हणा, किंवा घरूनच ११२ लावा.

तुमच्याबाबत आता एवढंच करा. बिल शोधा, सातबारा अन् आधारची झेरॉक्स घ्या, मोटर शेवटची कधी पाहिली अन् कधी नाही दिसली ते कागदावर लिहून ठेवा. विहिरीजवळ कोणाला फिरकू देऊ नका, कापलेल्या केबलचं टोक आहे तसंच राहू द्या, पंचनाम्याला ते लागते. त्या भावांच्या वेळेस एफआयआर झाल्यावर निघताना मोठ्या भावानं "येतो साहेब, तपासाले कोण येईन, त्यायचा नंबर द्या" म्हणून नंबर मागून घेतला, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बीट जमादार वावरात हजर होते, विहिरीच्या काठावर गाडीच्या चाकाचा ठसा तेव्हा पण तसाच होता, त्याच्यावर लहान्या भावानं आदल्या रात्री टोपलं पालथं घालून ठेवलं होतं.